पाहुणे किती, तास किती आणि बर्फ किती?

घरी पंचवीसएक माणसं बोलावली होती. कुणीतरी सांगितलेला हिशेब डोक्यात होता: माणशी अर्धा किलो बर्फ. म्हणून साडेबारा किलो आणला. पेयांच्या बाटल्या दुपारभर गाडीच्या डिकीत होत्या, त्या काढून थेट टबात रचल्या, वरून सगळा बर्फ ओतला आणि टब अंगणात ठेवला. पहिला पाहुणा आला तेव्हा टबात बर्फाचा एक पातळ थर तरंगत होता. तासाभरात तोही गेला. ग्लासात टाकायला एक खडा उरला नव्हता आणि तळाच्या बाटल्या अजून कोमटच होत्या.

नंतर कागद घेऊन बसलो, तेव्हा कळलं की चूक बर्फ देणाऱ्याची नव्हती आणि पाहुण्यांचीही नव्हती. डिकीत तापलेल्या चोवीस लिटर पेयाला गार करण्यातच साडेदहा किलो बर्फ जाणार होता. उरलेले दोन किलो ऊन खाणार होतं. ‘माणशी अर्धा किलो’ हा आकडा तसा खोटा नाही. पण तो कुठल्या परिस्थितीत खरा ठरतो, हे सांगणारं कुणी नसतं.

बर्फ तीन ठिकाणी खर्च होतो

एकच आकडा शोधायला गेलं की गोंधळ होतो, कारण समारंभात बर्फ तीन वेगवेगळी कामं करतो. पहिलं काम गरम पेय गार करण्याचं. दुसरं, गार झालेलं पेय शेवटपर्यंत गार ठेवण्याचं. तिसरं, ग्लासात पडण्याचं. ही तीन वेगळी खाती समजा आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी करा.

पाहुण्यांची संख्या पहिल्या आणि तिसऱ्या खात्यात मोजली जाते, कारण माणसं वाढली की पेय वाढतं. दुसऱ्या खात्याला पाहुण्यांशी काही देणंघेणं नाही. तिथे फक्त तास आणि भांडं मोजायचं. दहा माणसांसाठी उघडा ठेवलेला टब आणि चाळीस माणसांसाठी उघडा ठेवलेला तेवढाच टब, दोन्हींत तासाला बर्फ सारखाच वितळतो. म्हणूनच लहान मेळाव्यात माणशी बर्फ जास्त लागतो आणि लोकांना त्याचं आश्चर्य वाटतं.

आधी पेय किती लागेल ते ठरवा

बर्फाचा हिशेब पेयाच्या लिटरवर उभा आहे, त्यामुळे सुरुवात तिथून. आयोजक मंडळी एक सोपा अंदाज वापरतात: पहिल्या तासाला माणशी दोन पेयं, पुढच्या प्रत्येक तासाला एक. आल्या आल्या माणूस तहानलेला असतो, हातात काहीतरी हवंही असतं. मग गप्पा रंगल्या की वेग कमी होतो. म्हणजे चार तासांच्या कार्यक्रमाला माणशी पाच पेयं. एक पेय अडीचशे मिलिलिटरचं धरलं तर माणशी सव्वा लिटर होतं. यात पाणीही आलं, ते वेगळं धरायची गरज नाही.

हा अंदाज थोडा वरच्या बाजूचा आहे. लहान मुलं किंवा लवकर निघणारी माणसं बरीच असतील तर पंधरा-वीस टक्के खाली या. भर उन्हाळ्यात, मोकळ्या जागेत कार्यक्रम असेल तर खाली येऊ नका.

पहिलं खातं: गार करणं

इथलं गणित इतकं सरळ आहे की एकदा कळलं की विसरत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला त्यातून एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. सोडा, ज्यूस, बिअर, काहीही असलं तरी त्यात बहुतांश पाणीच असतं, म्हणून तोच नियम चालतो. यातून सूत्र निघतं:

(आत्ताचं तापमान − हवं ते तापमान) ÷ ८० = एका लिटरमागे लागणारा बर्फ, किलोत

पेय ३२ अंशांवर आहे आणि ५ अंशांवर हवं आहे. फरक २७. भागिले ८०, म्हणजे साधारण ०.३४. लिटरमागे तिसरा हिस्सा किलो बर्फ, हे मनात ठेवायला सोपं. बाटलीची काचही गार करावी लागते, तिच्यासाठी थोडा बर्फ जातो. पण वितळलेलं बर्फाचं पाणी शून्यापासून पाच अंशांपर्यंत तापतानाही थोडी उष्णता घेतं. हे दोन्ही जवळपास एकमेकांना कापतात, म्हणून त्यांच्या मागे लागू नका. पत्र्याच्या कॅनचं वजन तर नगण्य असतं.

आता माझ्या डिकीतल्या बाटल्या बघा. त्या ४० अंशांच्या आसपास असणार. फरक ३५, भागिले ८०, गुणिले २४ लिटर. साडेदहा किलो. कार्यक्रम सुरू होण्याआधीच!

आणि त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणल्या असत्या तर? फरक फक्त ३. चोवीस लिटरला एक किलोही बर्फ लागला नसता. सगळ्या हिशेबात एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने पडत नाही. शेजाऱ्यांच्या फ्रिजमधली एक फळी मागून घेण्यात संकोच वाटत असेल तर हा आकडा आठवा.

फ्रिजबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. घरगुती फ्रिज गारवा टिकवण्यासाठी असतो, एकदम पन्नास बाटल्या गार करणं त्याला जड जातं. ठासून भरला की हवा फिरत नाही आणि मधल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट निघतात. बाटल्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, चोवीस तास आधी ठेवा आणि कार्यक्रमाच्या दिवशी मधली एक बाटली हाताने नाही, थर्मामीटरने तपासा. हात फसतो, १५ अंशांची काचही गारच लागते.

टबात पाणी घालावं का?

घालावं, पण त्याचाही हिशेब आहे. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये ठेवलेली बाटली काही ठिकाणीच बर्फाला टेकते. बाकी सगळीकडे हवा असते आणि हवा उष्णता फार हळू नेते. पाणी त्या पोकळ्या भरतं आणि बाटलीला सगळ्या बाजूंनी चिकटतं. बर्फाच्या पाण्यात पूर्ण बुडालेला एक कॅन वीसेक मिनिटांत प्यायला तयार होतो. नुसत्या बर्फावर ठेवलेल्याला त्याहून बराच वेळ लागतो.

पण नळाचं पाणी २८ अंशांवर असेल आणि तुम्ही दहा लिटर ओतलंत, तर ते पाणी शून्यावर आणायलाच साडेतीन किलो बर्फ जातो. २८ भागिले ८०, गुणिले १०. हा बर्फ कुणाच्याही पोटात जात नाही, कुठलीही बाटली गार करत नाही, आणि यादीत तो कुणी लिहीतही नाही. म्हणून पाणी घालायचंच तर फ्रिजमधलं गार घाला आणि बाटल्यांच्या निम्म्या उंचीपर्यंतच घाला. घाई नसेल तर तेही नको. पेय कोमट असेल तर पहिल्या अर्ध्या तासात बर्फ वितळून पाणी आपोआप तयार होतं. ते काढून टाकू नका, ते शून्य अंशाचं, फुकटात मिळालेलं पाणी आहे.

एक छोटी गंमत इथे उपयोगी पडते. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांवर. त्यामुळे न ढवळलेल्या टबात वर बर्फ तरंगत असतो, वरचं पाणी शून्यावर असतं आणि ४ अंशांचं पाणी तळाशी बसून राहतं. बर्फ खालपर्यंत पोचतच नाही. बाटल्या नव्या ठेवल्यावर दर पाच-दहा मिनिटांनी एखाद्या लांब पळीने तळापासून ढवळलं की गार होण्याचा वेग चांगलाच वाढतो.

मीठ घालावं का, असंही लोक विचारतात. मिठाने बर्फाचं पाणी शून्याखाली जातं आणि पेय लवकर गार होतं, हे खरं. पण एक किलो बर्फाची उष्णता शोषण्याची कुवत मिठाने वाढत नाही. तो फक्त आपला गारवा घाईने खर्च करतो. शिवाय कॅन विसरला तर गोठून फुगतो, आणि तो बर्फ ग्लासात टाकण्याच्या कामाचा राहत नाही. अचानक आलेल्या चार जणांसाठी छोट्या बादलीत करायला ठीक आहे, मोठ्या टबात नको.

दुसरं खातं: तास आणि भांडं

हे खातं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गार झालेल्या पेयाला गार ठेवताना बर्फ बाहेरच्या हवेशी झुंजत असतो, आणि ही झुंज किती महाग पडेल ते भांड्यावर ठरतं.

पन्नासएक लिटरचा, फोमच्या भिंतींचा, झाकण लावलेला आइसबॉक्स सावलीत ठेवला तर तासाला सुमारे अर्धा किलो बर्फ वितळतो. सारखं झाकण उघडत राहिलं तर पाऊण किलोपर्यंत जातो. दोन फूट व्यासाचा पत्र्याचा उघडा टब, तोही सावलीतच, तासाला अडीच ते चार किलो खातो. हवा कोरडी असेल तर अडीचच्या बाजूला, दमट असेल तर चारच्या.

दमटपणाने एवढा फरक का पडतो? टबाच्या बाहेरून जे पाणी ओघळतं ना, ते टब गळल्यामुळे येत नाही. हवेतली वाफ गार पत्र्यावर येऊन पाणी होते आणि तसं होताना स्वतःतली उष्णता पत्र्याला देऊन जाते. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की आत सात ग्रॅमच्या वर बर्फ वितळतो. टबाखाली साचलेलं डबकं म्हणजे गेलेल्या बर्फाची पावतीच. टबाला बाहेरून जाड टॉवेल किंवा गोणपाट गुंडाळून, खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल टाकला आणि वर एखादं झाकण किंवा दुहेरी कापड घातलं, तर हा खर्च बराच कमी होतो. दिसायला बरं दिसत नाही, पण पाहुण्यांचं लक्ष बाटल्यांकडे असतं.

आणि ऊन. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट पडतात. टबाच्या तोंडातून आत जाणारं ऊन एकटंच तासाला आणखी दोन किलो बर्फ वितळवू शकतं. सावली सरकते हे विसरू नका. दुपारी तीनला सावलीत असलेला टब साडेचारला उन्हात असतो आणि तेव्हा यजमान दारात पाहुण्यांचं स्वागत करत असतो.

तुमचं भांडं किती बर्फ खातं, हे माझ्या आकड्यांवर विसंबून राहण्यापेक्षा घरीच मोजता येतं. दोन-चार दिवस आधी भांडं गार पाण्याने विसळून घ्या, नाहीतर त्याच्या भिंती गार होण्यातच पहिला बर्फ जाईल. मग त्यात तीनेक किलो बर्फ टाका आणि समारंभाच्या वेळी ठेवणार त्याच जागी, त्याच वेळेला ठेवा. तासाभराने तळाचं पाणी मापात ओतून घ्या. जितके लिटर पाणी, तितके किलो बर्फ गेला. भांडं पूर्ण भरलेलं असताना जास्त पृष्ठभाग गार असतो आणि हवेतून जास्त उष्णता येते, म्हणून आलेल्या आकड्याची दीडपट धरा. एवढी चाचणी केलीत तर कुठलाही तक्ता लागत नाही.

तिसरं खातं: ग्लासातला बर्फ

तीनशे मिलिलिटरचा ग्लास दोन तृतीयांश बर्फाने भरला की त्यात शंभर ते सव्वाशे ग्रॅम बर्फ बसतो. सगळे बर्फ घेत नाहीत. कुणी बाटलीतून पितं, कुणाला दात शिवशिवतात, पाण्यात बर्फ घालणारेही थोडेच. एकूण पेयांपैकी निम्म्यांत बर्फ पडतो असं धरलं तर सहसा चुकत नाही. कॉकटेल किंवा मॉकटेल असेल तर मात्र जवळजवळ सगळ्यांत पडतो, शिवाय शेकरमध्ये वेगळा जातो. तिथे दुप्पट धरा. आणि बर्फदाणीत वितळणारा, चिमट्यातून सुटून खाली पडणारा, शेवटी ओतून द्यावा लागणारा म्हणून पाव भाग आणखी.

पेय आधी गार असलं की इथेही बचत होते. अडीचशे मिलिलिटर पेय ३० अंशांवर असताना बर्फावर ओतलं, तर ते शून्याजवळ नेताना ९० ग्रॅमच्या वर बर्फ वितळतो. म्हणजे ग्लासातला बर्फ जवळपास संपला, आणि पेयात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी मिसळलं. चव गेली, माणूस पुन्हा बर्फ मागणार. तेच पेय ५ अंशांवर असेल तर पंधरा-सोळा ग्रॅमच वितळतो आणि खडे शेवटच्या घोटापर्यंत खुळखुळत राहतात. ‘सरबत पाणचट झालं’ ही तक्रार आली तर साखर वाढवण्याआधी जगमधल्या पेयाचं तापमान बघा.

हा बर्फ टबातल्या बर्फापासून पूर्ण वेगळा ठेवा, याबाबतीत मी हट्टी आहे. टबात बाटल्यांची बाहेरची धूळ, लेबलचा गोंद आणि पन्नास हात जातात. गोठल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे. बरेचसे फक्त थांबून राहतात आणि बर्फ वितळला की परत कामाला लागतात. ग्लासातला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. लादी फोडून केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे याची खात्री नसेल, तर तो बाटल्यांभोवतीच वापरा. बर्फ काढायला दांड्याची पळी किंवा चिमटा ठेवा. कुणी ग्लासनेच बर्फ उपसायला गेलं आणि ग्लासचा टवका उडाला, तर ती अख्खी बर्फदाणी टाकून द्यावी लागते. बर्फात काच शोधून सापडत नाही.

चाळीस माणसं, चार तास: पूर्ण हिशेब

आता एकच कार्यक्रम दोन प्रकारे करून बघू. हवा ३२ अंश, पाहुणे ४०, वेळ ४ तास. माणशी पाच पेयं म्हणजे २०० पेयं, म्हणजे ५० लिटर.

पहिला प्रकार असा. पेय खोलीतल्याच तापमानाला आहे. एक आइसबॉक्स आणि एक उघडा टब. गार करायला ५० लिटर गुणिले ०.३४, म्हणजे १७ किलो. आइसबॉक्स एक तास आधीपासून, म्हणजे पाच तास, तासाला ०.६ किलोने ३ किलो. उघडा टब चार तास, तासाला ३ किलोने १२ किलो. ग्लासात १०० पेयं गुणिले १२० ग्रॅम म्हणजे १२ किलो, सांडलवंड धरून १५. एकूण ४७. आणताना आणि ठेवताना वितळणारा म्हणून पंधरा टक्के वर: सुमारे ५४ किलो. माणशी एक किलो ३५० ग्रॅम.

दुसऱ्या प्रकारात पेय आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये होतं, ८ अंशांवर. टबाऐवजी दुसरा आइसबॉक्स. गार करायला २ किलो. दोन बॉक्स पाच तास, ६ किलो. ग्लासात तेच १५. एकूण २३, पंधरा टक्के वर धरून सुमारे २७ किलो. माणशी ६७५ ग्रॅम.

पाहुणे तेच, तास तेच, पेय तेवढंच, आणि बर्फ निम्मा. ‘माणशी अर्धा ते पाऊण किलो’ हा ऐकीव आकडा या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारात तो वापरला की माझ्या अंगणात झालं तेच होतं.

कार्यक्रम चार तासांवरून सहावर गेला तर? दुसऱ्या प्रकारात माणशी दोन पेयं वाढली, म्हणजे ग्लासातला बर्फ साधारण ६ किलोने आणि बॉक्सचा अडीच किलोने वाढेल. आदल्या रात्री गार केलेलं पेय असेल तर पहिलं खातं जेमतेम पाऊण किलोने हलतं. दहा किलोची एक पिशवी जास्त आणली की काम झालं. पहिल्या प्रकारात उघडा टबच ६ किलो जास्त खाईल, वाढलेलं वीस लिटर पेय गार करायला जवळपास ७ किलो जाईल, आणि ग्लासातले ६ आहेतच.

उलट बाजूने, बारा माणसं आणि तीन तास असतील तर उघडा टब मुळातच नको. बारा जणांच्या पेयांपेक्षा टबच जास्त बर्फ पिईल.

जागा आणि वेळ

बर्फ वजनावर मिळतो, पण भांड्यात जागा घेतो. सुट्या खड्यांच्या एका किलोला, मधल्या पोकळ्यांसकट, पावणेदोन ते दोन लिटर जागा लागते. म्हणजे २७ किलोला पन्नासएक लिटर. बाटल्यांना स्वतःची जागा वेगळी. पन्नास लिटर पेय आणि सगळा बर्फ एकाच वेळी दोन बॉक्समध्ये मावणार नाही, आणि मावायची गरजही नाही. निम्मी पेयं बॉक्समध्ये, निम्मी फ्रिजमध्येच राहू द्या आणि जागा होईल तशी आणा. कोमट पेयांच्या बाबतीत तर याचा दुहेरी फायदा आहे: ज्या बाटल्या शेवटी उघडल्याच जात नाहीत, त्यांना गार करण्यात बर्फ जात नाही.

बर्फ कार्यक्रमाच्या दीड-दोन तास आधी हातात यावा. सकाळी आणून न्हाणीघरात ठेवलेला बर्फ संध्याकाळपर्यंत मोठा भाग गमावतो. त्याहून आधी आणायचा असेल तर फ्रीझरमध्ये जागा करा. घरीच जमवत असाल तर तुमच्या ट्रेमध्ये किती पाणी मावतं ते एकदा मोजून घ्या. पाव लिटरच्या ट्रेने वीस किलो जमवायला ऐंशी ट्रे भराव्या लागतील, हे आधी कळलेलं बरं. घरचा बर्फ ग्लासासाठी ठेवा, बाकीचा विकत घ्या.

घेताना पिशवी हलवून बघा. खडे कोरडे आणि सुटे वाजले तर बर्फ चांगला गोठलेला आहे. पिशवीत पाणी खळखळत असेल, तर जेवढं पाणी तेवढं काम आधीच होऊन गेलेलं आहे. वजनाचे पैसे मात्र पूर्ण. पूर्ण दगड झालेली पिशवी एकदा वितळून पुन्हा गोठलेली असते. कुवतीने ती कमी नाही, पण फोडताना हाल होतात.

लादी की खडे, याचं उत्तर खात्यावर आहे. एक किलो लादी आणि एक किलो चुरा सारखीच उष्णता शोषतात, फक्त वेग वेगळा. गार करायला खडे किंवा चुरा, कारण तो बाटलीला जास्त ठिकाणी भिडतो. गार ठेवायला तळाशी लादीचा एखादा मोठा तुकडा, कारण तो सावकाश जातो.

चालू कार्यक्रमात काय बघायचं

एकूण बर्फाचा तिसरा हिस्सा वेगळ्या बॉक्समध्ये, झाकण चिकटपट्टीने बंद करून ठेवा आणि निम्मा वेळ होईपर्यंत उघडू नका. हाताशी असलेला बर्फ माणसं उदारपणे वापरतात. न दिसणारा शिल्लक राहतो.

टबात हात घालण्यापेक्षा नजर टाका. बर्फ बाटल्यांच्या मानेभोवती घट्ट रचलेला असेल तर काळजी नाही. बाटल्या पाण्यात हलायला, एकमेकींवर वाजायला लागल्या आणि वर बोटभर जाडीचा बर्फाचा थर उरला, की पाणी थोडं काढून लगेच बर्फ घाला. सगळं पाणी काढू नका. बर्फ पूर्ण संपेपर्यंत थांबलात, तर पाणी तापायला लागतं आणि मग नवा बर्फ आधी त्या पाण्यावर खर्च होतो. थर्मामीटर असेल तर ढवळून बघा: बर्फ पुरेसा असताना पाणी एक-दोन अंशांच्या वर जात नाही. पाच दाखवलं म्हणजे उशीर झालेला आहे.

आणि बर्फ कमी पडतोय असं खरंच दिसलं, तर टबाचं काम बंद करा. उरलेल्या बाटल्या झाकणाच्या बॉक्समध्ये हलवा, टबातलं बर्फाचं पाणीही त्यातच ओता, आणि स्वच्छ बर्फ सगळा ग्लासांसाठी राखा. त्या संध्याकाळी मला हे सुचलं असतं तर निदान शेवटचे दोन किलो वाचले असते.